रविवारी संध्याकाळी पोटात गोळा का येतो?

रविवारी साधारण सहा-साडेसहाला, चहाचा कप हातात असतानाच सुरू होतं. ऑफिस अजून पंधरा तास लांब, लॅपटॉप बॅगेत, तरी रात्रीचं जेवण नको वाटतं, दुपारचं मटण छातीशीच बसलंय असं वाटतं, आणि सोमवारी सकाळी मात्र दोन-तीनदा टॉयलेटला पळायचं. मी कित्येक वर्षं बिचाऱ्या मटणालाच शिव्या घालत होतो.

वर जड आणि खाली घाई, एकाच पोटात हे दोन्ही कसं? तर टेन्शन आलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं हार्मोन सोडतो. त्याने कॉर्टिसॉल वाढतं हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण पोटाकडेही निरोप जातो, आणि तो दोन ठिकाणी उलटा लागू होतो: जठर रिकामं व्हायचं मंदावतं आणि मोठं आतडं जोरात चालायला लागतं. म्हणजे वर ट्रॅफिक जाम, खाली एक्सप्रेस वे. आणि त्यासाठी बॉस समोर असायला लागत नाही, त्याचा नुसता विचारही पुरतो.

त्यात रविवारी रात्री झोपही लागत नाही, आणि त्याचं अर्धं पाप तर आपलंच असतं. सकाळी नऊला उठलो, जेवून दोन तास ताणून दिली, मग अकराला झोप येणार कुठून? दिवसभर जागं राहून मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठतं, त्याने झोपेचा दाब तयार होतो, तो दुपारीच खर्च झालेला असतो. त्या रिकाम्या जागेत अर्धवट कामं घुसतात.

यावर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात एक छान प्रयोग झाला. ५७ तरुणांना स्लीप लॅबमध्ये झोपवलं, आणि झोपायच्या आधी ५ मिनिटं निम्म्यांनी पुढच्या काही दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली. करायची कामं लिहिणारे सरासरी ९ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी बारीकसारीक तितकी झोप लवकर. अर्थात एकच रात्र आणि सगळे धडधाकट, त्यामुळे जुनाट निद्रानाशावरचा हा उपाय नाही.

मी नुसतं 'रिपोर्ट' लिहायचो, त्याने काहीच व्हायचं नाही. मग लिहिलं, 'सोमवारी ११ला अकाउंट्सकडून आकडे मागणे, ३ पर्यंत पहिली दोन पानं, बाकी मंगळवारी.' अशी सात कामं लिहिल्यावर दिसलं की सोमवारात तीनच बसतायत. उरलेली चार यादीने थोडीच होणार, पण सकाळी साहेबांना कागद दाखवून यातलं आधी कुठलं एवढं तरी विचारता आलं.

एक मात्र बघा, टेन्शनचे जुलाब सहसा गाढ झोपेतून उठवत नाहीत. रात्री उठावं लागत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल, तर रविवारवर ढकलू नका, सरळ डॉक्टर गाठा.