यादीची कविता: गाऱ्हाण्यापासून ‘सब घोडे’पर्यंत

राजकीय कवितेत एकच सुरुवात धरून ओळीमागून ओळी रचत जायची पद्धत आली की लगेच कोणीतरी व्हिटमनचं नाव घेतो, १८५५ चं ‘लीव्हज ऑफ ग्रास’ वगैरे. ते बरोबरच आहे, पण सिंधुदुर्गातल्या माणसाला याद्या ऐकायला अमेरिकेला जायची गरज नाही, आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं असतंच की. घालणारा एकेका देवाला हाक मारत जातो, रवळनाथ, सातेरी, वेतोबा, मग चव्हाट्यावरचा, सीमेवरचा, आणि प्रत्येक टप्प्याला सगळे मिळून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. वरवर भाबडं वाटतं, पण कोणाचं नाव आधी आणि कोणाचं नंतर यात अख्खी गावऱ्हाटी बसलेली असते. क्रम म्हणजे मान, आणि मानावरून गावात काय काय होतं ते आपल्याला सांगायला नको. कोणी राहून गेलं तर काय, म्हणून शेवटी चुकल्यामाकल्याची माफीपण मागून ठेवतात. म्हंजे यादीत राजकारण शिरतं ते इथूनच, क्रमातून आणि वगळण्यातून.

लिखित मराठीत याला छंदाचीच मदत झाली. ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, सुटा. समर्थांच्या नावावर असलेलं संभाजीराजांना लिहिलेलं पत्र बघा: ‘शिवरायाचें आठवावें रूप । शिवरायाचा आठवावा प्रताप । शिवरायाचा आठवावा साक्षेप । भूमंडळीं’. तीनदा तेच नाव, तीनदा तेच क्रियापद, बदलतो तो फक्त शेवटचा शब्द. आधी डोळ्याला दिसणारं रूप, मग लोकांनी पाहिलेला पराक्रम, मग ज्याच्यामुळे ते सगळं झालं तो साक्षेप, म्हंजे चिकाटीचा उद्योग. आणि खरं तर सल्ला द्यायचाय मुलाला पण बोलायचं सगळं वडिलांबद्दल, ‘तू असा वाग’ असं तोंडावर न म्हणता नाव घेत घेत ते गळी उतरवायचं.

पण या सगळ्यात कारागिरी म्हणून मला सगळ्यात जबरदस्त वाटतं ते जोतीरावांचं, ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) च्या सुरुवातीचं: ‘विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले’. शाळेच्या भिंतीवर इतक्यांदा वाचलंय की नीट बघतच नाही आपण. इथे नुसती यादी नाही, साखळी आहे, एका ओळीत जे गेलं त्याच्याच अभावाने पुढची ओळ सुरू होते. त्यामुळे ओळींची अदलाबदल करून बघा, जमतच नाही. मती, नीती, गती यातलं डोळ्यांना काही दिसत नाही, वित्त मोजता येतं, आणि त्यानंतर येतो तो माणूस. चार वेळा ‘गेली, गेली, गेली, गेले’ ऐकून कानाला सवय झालेली असते आणि नेमका माणूस आला की क्रियापद बदलतं, तो ‘जात’ नाही, तो खचतो. मग शेवटची ओळ मुनीमासारखी बेरीज मारते, ‘इतके’ अनर्थ आणि करणारी ‘एक’. आता मतीशिवाय नीती जातेच का यावर वाद घालता येईल, पण वेग असा आहे की मध्ये हात वर करायला जागाच मिळत नाही. साखळीची ताकद तीच आणि धोकापण तोच, चुकीची गोष्टसुद्धा अशीच पटवता येते.

अदलाबदलीची हीच टेस्ट आपल्याकडच्या कविसंमेलनातल्या ‘मी लाल माती, मी माड, मी लाटा, मी होडी’ छाप कवितांना लावा, ओळी पिसून टाकल्या तरी काही बिघडत नाही, दोन काढल्या तरी कोणाला कळत नाही. प्रामाणिक असतात, पण विसाव्या ओळीला तिसरीतलंच चाललेलं असतं.

विंदा करंदीकर आपलेच, देवगड तालुक्यातल्या धालवलीचे, जन्म १९१८. त्यांनी ‘सब घोडे बारा टक्के’मध्ये बरोब्बर उलटं केलंय. ‘कोणी मवाळ कोणी जहाल, कोणी सफेद कोणी लाल, कोणी लठ्ठ कोणी मठ्ठ’. पहिली जोडी टिळक-गोखल्यांच्या काळापासूनची, चांगली अब्रूदार, लोक त्यावरून भांडायचे. लठ्ठ-मठ्ठची जोडी पण त्याच ‘कोणी… कोणी’च्या साच्यात टाकली की काहीही सिद्ध न करता दोघी एका रांगेत बसतात. कवी कुठेच म्हणत नाही की मवाळ आणि मठ्ठ सारखे, ते काम साचा करतो, आणि वर धृवपद येऊन सगळ्यांना एकच भाव लावून जातं. गाऱ्हाण्यात क्रम म्हणजे मान, इथे क्रमाला काही किंमतच नाही, तोच तर टोमणा आहे. त्यामुळे इथे ओळी मागेपुढे झाल्या तरी चालतात, आमची वरची टेस्ट इथे लागूच होत नाही. फक्त एक आहे, सगळे सारखेच म्हटलं की कोणा एकाचं नाव येत नाही, त्यामुळे ही कविता ऐकून समोरच्या रांगेतले पुढारीसुद्धा मनापासून हसू शकतात. जोतीरावांच्या शेवटच्या ओळीला तसं हसता येत नाही.