अंगठादुखी, स्मार्टफोनमुळे होणारी

स्मार्टफोन एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने तासन्‌तास चालवल्यावर अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेला जे दुखणे जडते, त्याला स्मार्टफोनची अंगठादुखी म्हणतात. हे एका रोगाचे नाव नव्हे. कंडरांचे, सांध्यांचे आणि क्वचित मज्जातंतूंचे असे निरनिराळे विकार त्यात येतात. त्यांतला सर्वांत परिचित म्हणजे डी क्वेरवेनचा विकार. फोन धरण्याच्या पद्धतीशी त्याचा संबंध सर्वांत सरळ उलगडून दाखवता येतो, म्हणून या नोंदीत मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

हा विकार फोनपेक्षा पुष्कळ जुना आहे. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी क्वेरवेन यांनी १८९५ मध्ये पाच रुग्णांचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो जास्त आढळतो, आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांत तर विशेष. बाळाला दोन्ही बगलांत धरून उचलताना अंगठा ताणून बाहेर जातो आणि मनगट करंगळीच्या बाजूला वाकते. एका हातात फोन धरून वाचणाऱ्याचा हात बघितला, तर ठेवण बरीचशी हीच दिसते. फोनचे वजन बाळाच्या मानाने नगण्य, साधारण २०० ग्रॅम. पण बाळ काही क्षणांत खाली ठेवले जाते आणि फोन दोन-दोन तास हातात राहतो. अर्थात फोन खूप वापरणाऱ्या प्रत्येकाला हे दुखणे होत नाही. फोनचा वापर आणि अंगठादुखी यांचे नाते दाखवणाऱ्या पाहण्या बहुतेक एकाच वेळच्या विचारपुशीवर आधारलेल्या आहेत. त्यांतून दोन्ही गोष्टी बरोबर आढळतात एवढे कळते, एकीमुळेच दुसरी झाली असे सिद्ध होत नाही.

दुखते ते नेमके कुठे

अंगठा हलवणारे काही स्नायू हातात नसून कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. त्यांचा जोर कंडरांमार्फत, म्हणजे दोरीसारख्या चिवट तंतूंमार्फत, अंगठ्यापर्यंत पोहोचतो. अशा दोन कंडरा मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडावरून जातात. एक अंगठा तळव्यापासून दूर नेते, दुसरी त्याचा मधला सांधा सरळ करते. हाडावरची उथळ खोबण आणि तिच्यावर आडवा बसलेला चिवट पट्टा मिळून जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा बोगदा तयार होतो आणि दोन्ही कंडरा त्यातून सरकतात.

हे स्वतःच्या हातावर अनुभवता येते. उजव्या हातात फोन धरा, डाव्या हाताचे बोट उजव्या मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडाच्या उंचवट्यावर हलके ठेवा आणि अंगठ्याने पडद्यावरचा मजकूर वर सरकवा. दर वेळी बोटाखाली एक ताठ दोरी उठते आणि बसते. अंगठा पडद्याच्या वरच्या, पलीकडच्या कोपऱ्याकडे नेला की ती सर्वांत जास्त ताणली जाते. आता मनगट करंगळीच्या बाजूला वाकवून तेच करा. दोरी हाडाच्या कडेवर वळण घेऊन चालते, जसा विहिरीच्या काठावर दोर घासावा.

असे घर्षण दिवसेंदिवस चालले की वरचा पट्टा जाड होतो आणि बोगदा अरुंद पडतो. कंडरा अडखळत सरकते आणि प्रत्येक हालचालीला कळ येते. या विकाराचे वैद्यकीय नाव टेनोसायनोव्हायटिस, म्हणजे कंडरेच्या आवरणाचा दाह, असे असले, तरी जुनाट विकारात काढलेला पट्टा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर दाहाच्या पेशींपेक्षा तंतूंची झीज आणि जाडीच ठळक दिसते. म्हणूनच वेदनाशामक गोळ्यांनी कळ दबते, पण अडथळा जागेवरच राहतो आणि गोळ्या थांबल्या की दुखणे परत येते.

एका हाताच्या पकडीतला दोष

एका हातात फोन धरला की करंगळी खाली आधाराला जाते, मधली बोटे पाठीमागून फोन पेलतात आणि अंगठ्यावर दोन कामे पडतात: फोन निसटू न देणे आणि पडदा चालवणे. या दोन कामांचे आपसात जमत नाही. पकडायला अंगठा दाबून स्थिर हवा, चालवायला तो सुटा हवा. त्यामुळे मुळाशी असलेले स्नायू सतत आवळलेले राहतात आणि त्याच ताणात टोक फिरत राहते. चिमटीतल्या दाबाचा भार अंगठ्याच्या मुळाशी किती वाढतो, याचा हिशोब कूनी आणि चाओ यांनी १९७७ मध्ये मांडला. टोकाशी एक किलो दाब दिला, तर मुळाच्या सांध्यावर सुमारे बारा किलो भार येतो. रुंद, गुळगुळीत फोन घट्ट धरणाऱ्याच्या मुळाच्या सांध्याची कुरकुर यातून समजते.

पकड बदलायची म्हणजे ही दोन कामे वेगळी करायची. बाकी सगळे उपाय याच्या खालोखाल येतात.

एक नमुना

पुढचे उदाहरण उपाय कसा करायचा ते दाखवण्यासाठी रचले आहे. एक ३४ वर्षांची उजवखोरी स्त्री रात्री अंथरुणात कुशीवर पडून दोन तास फोन वाचते. पाच सेकंदांत एकदा मजकूर सरकवला, तरी तासाला ७२० आणि दोन तासांत १,४४० वेळा अंगठा वर जातो. प्रथम तिला सकाळी कुलपाची किल्ली फिरवताना कळ येते, मग बाटलीचे झाकण उघडताना. महिनाभरात मनगटाच्या त्या उंचवट्यावर दाबले की दुखू लागते आणि किंचित सूजही दिसते.

ती पहिल्यांदा करते ते बहुतेक सगळेच करतात: फोन डाव्या हातात घेऊन डाव्या अंगठ्याने चालवते. उजव्याला आराम पडतो, पण दोन आठवड्यांत डावा ठणकू लागतो. हात बदलला, पकड तीच राहिली.

मग ती पकड बदलते. फोन डाव्या तळव्यावर आडवा विसावतो, त्याची पाठ चारही बोटांवर टेकते आणि डावा अंगठा कडेला नुसता लागलेला असतो, दाबत नाही. पडदा उजव्या हाताच्या तर्जनीने चालतो. तर्जनी सरकवताना खांदा आणि कोपरही साथ देतात, त्यामुळे सगळी हालचाल एका लहान सांध्यावर येत नाही. अंथरुणात फोन हातात न धरता उशीला टेकवलेल्या स्टँडवर राहतो. लांब मजकूर ती बोलून टाइप करते. कीबोर्ड लागलाच, तर फोन टेबलावर ठेवून दोन्ही हातांची बोटे वापरते. फोनच्या पाठीवर चिकटवायच्या अंगठीचा तिला थोडा उपयोग होतो, कारण फोन बोटांत अडकतो आणि अंगठ्याला आवळावे लागत नाही. पण अंगठी लावून अंगठ्यानेच मजकूर सरकवत राहिले, तर निम्मे काम तसेच उरते. एका हाताने वापरण्याच्या सोयीचेही तेच. पडदा खाली ओढला जातो, त्यामुळे पलीकडच्या कोपऱ्याचा ताण वाचतो, सरकवण्याचा नाही.

जोडीला ती अंगठा आणि मनगट धरून ठेवणारा, टोकाचा सांधा मोकळा सोडणारा पट्टा वापरते. इथे एक चूक वारंवार होते. टोक मोकळे असल्याने पट्टा घालूनच टोकाने फोन चालवला जातो, आणि बांधलेला अंगठा आतल्या आत ताणत राहतो. फोन हातात असताना पट्टा म्हणजे अंगठ्याला सुट्टी, असे धरून चालावे.

सुधारणा कशी ओळखायची? दुखरी जागा रोज दाबून पाहणे हा वाईट मार्ग आहे, कारण त्याने ती रोज चिडते. आठवड्यातून एकदा किल्ली आणि झाकण या दोन नेहमीच्या कामांत किती दुखले ते लक्षात ठेवले की पुरते. सहा आठवड्यांत किल्ली विनाकळ फिरू लागली, तर दिशा बरोबर आहे. काहीच फरक नसेल, तर आणखी थांबण्यात अर्थ नाही, डॉक्टरांकडे जावे.

निदान करताना

अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवायची चाचणी बऱ्याच जणांना माहीत असते आणि ती फिंकेलस्टाइन यांच्या नावाने सांगितली जाते. मुळात ती आयकहॉफ यांची आहे. फिंकेलस्टाइन यांनी १९३० मध्ये सांगितलेल्या चाचणीत परीक्षक रुग्णाचा अंगठा धरून हात खेचतो. फरक नावापुरता नाही. मूठ वळवून केलेली चाचणी निरोगी माणसालाही थोडीफार दुखते, त्यामुळे ती घरी करून स्वतःचे निदान ठरवणे धोक्याचे. दोन्ही हातांची तुलना करावी आणि कळ नेमकी हाडाच्या उंचवट्यावर येते का ते पाहावे.

कळ त्याहून पुढे, अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यात असेल आणि चिमटीत वस्तू धरताना वाढत असेल, तर सांध्याच्या झिजेचा विचार करावा लागतो. अंगठा वाकवला की अडकून खटकन सुटत असेल, तर दोष तळव्याकडच्या कंडरेत असतो. हाताच्या पाठीवर अंगठ्याजवळ बधिरपणा किंवा मुंग्या असतील, तर मज्जातंतू दाबला गेला असण्याची शक्यता असते. पडल्यानंतर मनगटाच्या या कडेला दुखू लागले, तर फोनला दोष देण्याआधी एक्स-रे काढून घ्यावा. तिथल्या लहान हाडाचा तडा सहज नजरेआड होतो.

अंगठा सरळच होईनासा झाला, तर कंडरा तुटल्याची शंका घ्यावी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय नोंदीत २९ वर्षांच्या तरुणाने सहा ते आठ आठवडे दिवसभर फोनवरचा कोड्यांचा खेळ डाव्या अंगठ्याने खेळल्यावर अंगठा सरळ करणारी लांब कंडरा तुटलेली आढळली. ती परत जोडण्याऐवजी तर्जनीची एक कंडरा वळवून अंगठ्याला लावावी लागली. असे क्वचितच घडते.

इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया

पकड बदलून आणि पट्टा लावून भागले नाही, तर बोगद्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात आणि बहुतेकांना त्याने आराम पडतो. मधुमेह असलेल्यांची रक्तातली साखर त्यानंतर काही दिवस वाढू शकते. टोचलेल्या जागेची कातडी फिकी पडणे किंवा खाली खळगा येणे हेही होते. काहींचा बोगदा आतल्या पडद्याने दोन भागांत विभागलेला असतो. औषध एकाच भागात गेले, तर दुसऱ्यातली कंडरा अडकलेलीच राहते. अशा वेळी सोनोग्राफीत पाहून दिलेले इंजेक्शन उपयोगी पडते.

शस्त्रक्रिया छोटी असते. जागा बधिर करून बोगद्यावरचा पट्टा कापला जातो आणि कंडरांना वाट मोकळी होते. आत दुसरा कप्पा असेल, तर तोही उघडावा लागतो. तो राहून गेला तर दुखणे तसेच चालू राहते. शल्यचिकित्सक इथे सर्वांत जपतो तो कातडीखालून जाणाऱ्या बारीक मज्जातंतूला. त्याला धक्का लागला, तर अंगठ्याच्या पाठीवर बधिर किंवा झोंबणारी जागा उरते, आणि ती मूळ दुखण्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकते.