‘रक्त कमी’ म्हणजे नेमकं काय कमी? आशाताईंच्या भाषणामागची पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी तालुक्यांत गावोगावच्या आशाताई महिन्याच्या बैठकीत ॲनिमियावर जे दहा-बारा मिनिटांचं भाषण करतात, त्याचे आजवर चार खर्डे झाले. शेवटच्या दोन खर्ड्यांत माझाही हात होता, त्यामुळे ही नोंद अगदी तटस्थ असेल असं समजू नये.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या देण्याचा देशव्यापी कार्यक्रम 1970 मध्ये सुरू झाला. त्याच्याही आधी आपल्याकडे ‘पांडुरोग’ हा शब्द होता आणि त्यावर लोहभस्म दिलं जाई. हा शब्द गावात टिकला नाही, पण त्याची सावली राहिली. फिकट पडलेल्या बाईला आजही काही घरांत ‘पांढरी कावीळ’ झाली म्हणतात. मग काविळीचं पथ्य सुरू होतं. तेल बंद, मटण-अंडी बंद, उसाचा रस आणि कोरडी भाकरी. म्हणजे जे खायला हवं तेच ताटातून जातं. भाषणाच्या पहिल्या मिनिटात ‘ही कावीळ नव्हे’ असं वाक्य येतं, ते यामुळे.

खरा गुंता ‘रक्त कमी’ या दोन शब्दांचा आहे. पहिल्या खर्ड्यात, साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी, हेच शब्द होते, कारण डॉक्टरही तेच बोलायचे आणि बायकाही. ‘रगात कमी हाय’ म्हटलं की पुढचं सगळं आपोआप ठरतं. कमी आहे म्हणजे वाढवायचं आणि गोळी म्हणजे रक्त वाढवायचं औषध. इथूनच भीती सुरू होते. रक्त वाढलं की बाळ मोठं होणार, बाळंतपण अडणार, नाहीतर बाळंतपणात जास्त रक्त जाणार. गोळ्या घरी नेऊन धान्याच्या डब्यात ठेवणाऱ्या बायकांना त्यांचं महत्त्व कळत नव्हतं, असं नाही. आपण सांगितलेलं त्यांना आपल्यापेक्षा जास्त शब्दशः कळलं होतं.

दुसऱ्या खर्ड्यात वरून ‘ॲनिमिया’ आला. 2018 नंतर सरकारी मोहिमेच्या नावातच तो शब्द असल्यामुळे भिंतीवर, कार्डावर, फलकावर सगळीकडे तोच दिसू लागला. शब्द बरोबर, पण ऐकणारीसाठी रिकामा. बैठक संपल्यावर एखादीला विचारलं, ताईंनी काय सांगितलं, तर उत्तर यायचं, ‘रगात कमी असतंय त्यावर बोलल्या.’

तिसऱ्या खर्ड्याच्या वेळी एका आशाताईने आमटीची उपमा सुचवली आणि तिच्यावरून बरेच दिवस वाद चालला. उपमा अशी: पातेलं भरलेलंच आहे, आमटी कमी झालेली नाही, ती पातळ झाली आहे. पातेल्यातल्या डाळीचा दाटपणा म्हणजे हिमोग्लोबिन, रक्तातला लाल रंग. श्वासातली हवा अंगभर पोचवण्याचं काम तोच करतो. लोह हा त्याचा कच्चा माल. गोळीने पातेलं उतू जात नाही, आमटी दाट होते. दिवस गेलेल्या बाईच्या पातेल्यात निसर्गच पाणी घालतो, म्हणजे रक्तातला पातळ भाग लाल पेशींपेक्षा जास्त वाढतो. म्हणून ॲनिमिया ठरवायची रेषा इतर बायकांसाठी 12 ग्रॅमची आणि गरोदर बाईसाठी 11 ची. हे सगळं एका पातेल्यात बसतं.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आमटी पातळ होण्याचं कारण दर वेळी डाळ कमी हेच नसतं. पाळीत फार रक्त जाणं, पोटातले जंत, बी-12 ची कमतरता, थॅलेसेमियाचा वाहक असणं, ही कारणं उपमेत कुठे बसवायची? आणि ती बसली नाहीत तर बाई वर्षभर गोळ्या खात राहील. माझं मत तेव्हा होतं आणि आजही आहे की दहा मिनिटांच्या भाषणात भीती मोडणं पहिलं काम आहे. राहिलेलं काम दुसऱ्या तपासणीने करावं. शेवटी तडजोड झाली. आमटी राहिली आणि तिच्यामागे एक वाक्य आलं: ‘महिनाभर नीट गोळी खाऊनही आकडा एकाने वाढला नाही, तर कारण दुसरं असू शकतं, मग डॉक्टरांकडे जायचंच.’

गोळीची कहाणी त्या मानाने सोपी, पण गावात तिचाही घोळ झाला. 1970 मध्ये गरोदर बाईच्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह होतं. 1991 मध्ये ते 100 झालं. 2018 मध्ये पुन्हा 60. ज्यांच्या घरी थोरल्या सुनेच्या जुन्या स्ट्रिपा पडल्या होत्या, त्यांनी आकडे वाचले आणि सरकारने गोळी हलकी केली असा बोभाटा झाला. गोळी लहान झाली, पण दिवस वाढले. आधी गरोदरपणात 100 दिवस घ्यायची, आता 180 दिवस. शंभर गुणिले शंभर म्हणजे दहा हजार मिलिग्रॅम, साठ गुणिले एकशेऐंशी म्हणजे दहा हजार आठशे. एकूण लोह थोडं वाढलंच. मोठ्या गोळीतलं बरंचसं लोह आतड्यात शोषलं जात नाही. ते मळमळ आणि बद्धकोष्ठ करतं आणि बाई चौथ्या दिवशी गोळी सोडते. हा हिशेब आता भाषणात आहे. आशाताई तो फळ्यावर मांडतात आणि बायका त्याला मान डोलावतात, कारण दूध संघाच्या बिलाचा हिशेब त्या रोज करतात.

खाण्याची यादी सगळ्यात जास्त वेळा खोडली गेली. पहिल्या खर्ड्यात पालक पहिल्या क्रमांकावर होता. देशाच्या जुन्या अन्नघटक तक्त्यात 100 ग्रॅम पालकात 10.9 मिलिग्रॅम लोह लिहिलेलं होतं. सुधारित आवृत्तीत ते 1.14 झालं, आणि 2017 च्या नव्या तक्त्यात 2.95. पानांना चिकटलेली बारीक माती मोजणीत गेली की आकडा फुगतो, ही पालेभाज्यांच्या बाबतीतली जुनी अडचण. शिवाय भाजीतलं लोह शरीर फार थोडं उचलतं. पालक यादीत आहे, पण आता तो माठ, शेपू, हरभऱ्याचा पाला यांच्या रांगेत बसतो. खरं तर इकडच्या डोंगरात पालक रोज मिळतो कुणाला? यादी शहरात बसून लिहिली की असं होतं.

गुळाबद्दल बोलणं कोल्हापुरात धाडसाचं आहे. गूळ-शेंगदाणे खा म्हटलं की सगळ्या खूश. पण मूठभर शेंगदाण्यांबरोबर जो वीसेक ग्रॅमचा खडा खाल्ला जातो, त्यातून फार तर एखादा मिलिग्रॅम लोह मिळतं, आणि गुऱ्हाळागणिक ते बदलतं. गूळ साखरेपेक्षा बरा, औषध नव्हे, असं वाक्य घातलं तेव्हा एक आजी रागावून उठून गेल्या होत्या. नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं यांच्यावर मात्र कुणी भांडलं नाही.

मटणाचं वाक्य चौथ्या खर्ड्यात आलं, आणि माझ्या मते भाषणातलं ते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. मांसातलं लोह शरीर भाजीतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज घेतं. ते असतं फोडीत आणि काळजात. रश्श्यात त्यातलं फारच थोडं उतरतं. रविवारी घरात मटण होतं, पुरुष आणि पोरं जेवून उठतात, आणि शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला तांबडा-पांढरा रस्साच येतो. तिला विचारलं तर ती खरंच सांगते, ‘मटण खाल्लं.’ म्हणून आता आशाताई ‘मटण खाता का’ असं विचारत नाहीत, ‘फोडी किती आल्या’ असं विचारतात. माळकरी घरांसाठी मोड आलेली कडधान्यं आणि वरून पिळलेलं लिंबू. लिंबू शिजवताना घालायचं नाही, ताटात पिळायचं. आणि जेवणाबरोबर चहा नाही, तासाभराने घ्यायचा, कारण चहा भाकरी-भाजीतलं लोह अडवून धरतो.

हे सगळं कागदावर नीट दिसतं. भुदरगडकडच्या एका वाडीत ते कसं उतरलं ते सांगतो. पाचवा महिना लागलेली सून, हिमोग्लोबिन 9.2. सात ते 11 च्या मधलं, म्हणून रोज दोन गोळ्या सुरू झाल्या. महिन्याने आकडा 9.3. आशाताईने स्ट्रिपा मोजल्या, बरोबर रिकाम्या होत्या. शी काळी होते का विचारलं, हो म्हणाली; म्हणजे गोळी पोटात जात होती. नियमाप्रमाणे तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. डॉक्टरांनी दुसऱ्या कारणांसाठी रक्त तपासायला दिलं आणि सहज विचारलं, गोळी घेतेस कधी? विसरू नये म्हणून ती सकाळ-संध्याकाळ जेवण झाल्या झाल्या लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची, त्यावर कपभर चहा. कॅल्शियम लोहाची वाट अडवतं, चहा उरलेली. कॅल्शियम जेवणाबरोबर ठेवलं, लोहाची एक गोळी अकराच्या सुमारास लिंबूपाण्याबरोबर, दुसरी रात्री झोपताना. तपासणीत दुसरं काही निघालं नाही. पुढच्या महिन्यात आकडा 10.4.

आशाताई आनंदाने सांगायला गेल्या, तर सासूबाईंनी ट्रंकेतून जुना कागद काढला. ‘माझ्या बाळंतपणात 60 टक्के हुतं. हिचं धा टक्के आणि तू हसतीस व्हय?’

हा घोळ त्या म्हातारीचा नव्हे, आपला आहे. जुन्या साहली पद्धतीत बोटातून रक्ताचा थेंब घेऊन, आम्लात मिसळून, रंग जुळेपर्यंत पाणी घालत. त्या काचेच्या नळीवर दोन मापं असायची, एका बाजूला ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला टक्के. टक्क्यांच्या बाजूला बहुतेक नळ्यांत 14.5 ग्रॅम म्हणजे शंभर धरलेले असत. पुढे टक्क्यांची बाजू सुटली, पण ‘ग्रॅम टक्के’ हा प्रयोग राहिला, आणि बोलण्यात ग्रॅम गळून नुसते टक्के उरले. डॉक्टरसुद्धा ‘दहा टक्के’ म्हणतात. साठ टक्क्यांचे ग्रॅम केले तर होतात 8.7. म्हणजे सासूबाईंचं तेव्हा सुनेच्या सुरुवातीच्या आकड्यापेक्षाही कमी होतं.

चौथ्या खर्ड्यातून टक्के हा शब्द काढला, फक्त ग्रॅम ठेवले. आशाताईने हिशेब करून दाखवला तेव्हा म्हातारी बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘मग माजं आता किती असंल गं?’ कार्यक्रमाच्या यादीत 49 वर्षांच्या पुढची बाई येत नाही, आणि भाषणातही तिच्यासाठी वाक्य नाही. आशाताईने पिशवीतलं यंत्र काढलं आणि तिचं बोट धरलं.