खंडीचे ७८४ पौंड : खान्देशच्या रुईचे आकडे परदेशी कागदांवर

जळगाव, धुळे, शिरपूर, शहादा या पट्ट्यातल्या जिनिंगमधून रुई परदेशी जाते, तेव्हा एकाच मालाचा भाव तीन वेळा वेष बदलतो. शेतकरी कापूस विकतो क्विंटलने. जिनवाला रुईचा भाव बोलतो खंडीने. परदेशातला खरेदीदार विचारतो, पौंडामागे किती सेंट? कराराचा मसुदा, गाठींच्या वजनाची यादी, बँकेचे पतपत्र हे सगळे भाषांतरित करणाऱ्याला या तिन्ही मापांतून ये-जा करावी लागते. तिथे चूक होते ती बहुधा गुणाकार-भागाकाराची नसते. समोरचे माप कोणत्या काळाचे आणि कोणत्या बाजाराचे, हा प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो. त्यासाठी खंडी आणि गाठ आपल्याकडे आजच्या रूपात कशा आल्या, ते आधी पाहू.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या मालाकडे वळल्या. त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे खान्देशात पोचली. बैलगाड्यांच्या तांड्यांनी घाट उतरणारा कापूस जळगाव-भुसावळच्या स्टेशनांवरून मुंबईला जाऊ लागला आणि तिथून लिव्हरपूलला. जळगाव हे कापसाचे गाव झाले ते या रेल्वेमुळे.

या प्रवासात वजन दोन वेगळ्या मणांतून जाई. मुंबईच्या बाजाराचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोचा. रेल्वेच्या कागदांवर मात्र बंगाली मण चाले. तो ८० तोळ्यांचा एक शेर, असे ४० शेर. वजन ८२ पौंडांच्या थोडे वर, आजच्या हिशेबाने ३७.३२ किलो. दोन्ही कागदांवर शब्द एकच, ‘मण’, आणि फरक जवळजवळ तिपटीचा. जुन्या पेढीची कागदपत्रे इंग्रजीत नेताना रेल्वेची पावती आणि दलालाची चिठ्ठी यांतला मण एकाच आकड्याने गुणला, तर निम्म्याहून अधिक माल वाटेतच नाहीसा झालेला दिसेल.

खंडीचेही तसेच. मुंबईची साधी खंडी २० मणांची, म्हणजे ५६० पौंडांची. मद्रासकडची खंडी ५०० पौंडांची. कापसाची मुंबई खंडी मात्र २८ मणांची, म्हणजे ७८४ पौंडांची. हा आकडा पहिल्यांदा पाहताना विचित्र वाटतो. त्याला ११२ ने भागून पाहा, बरोबर सात येतात. ११२ पौंड म्हणजे इंग्रजांचे एक हंड्रेडवेट. जुन्या व्यापारी आकडेवारीतली गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे साडेतीन हंड्रेडवेटची. दोन गाठींची एक खंडी. नाव देशी असले तरी हे माप इंग्रजी व्यापाराशी तंतोतंत जुळलेले आहे, म्हणूनच ते इतके टिकले असे मला वाटते.

१८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने लंडनशी जोडली गेली आणि लिव्हरपूलचा भाव लवकर कळू लागला. तो पौंडामागे पेनीत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत रुपयाचा दर १६ पेन्सवर स्थिर होता. ७८४ भागिले १६ म्हणजे ४९. म्हणजे पौंडामागे एक पेनी वाढली की खंडीमागे बरोबर ४९ रुपये वाढणार. पौंडाला ६ पेन्स भाव असेल तर खंडी २९४ रुपये. हिशेब बोटांवर होई. पुढे १९२७ मध्ये सरकारने रुपया १८ पेन्सवर नेला आणि त्याच ६ पेन्सची खंडी २६१ रुपयांच्या आसपास आली. यात भाडे, विमा, दलाली धरलेली नाही, नुसता मापांचा फरक आहे. १९१० चे आणि १९२८ चे पत्र एकाच दराने भाषांतरित केले, तर खंडीमागे तेहतीस रुपयांची चूक होते. जुन्या कागदातली रक्कम त्या तारखेच्या दरानेच बदलायची, आणि शक्यतो बदलायचीच नाही: मूळ रक्कम मजकुरात, बदललेली रक्कम कंसात, सोबत कोणता दर धरला तेही.

स्वातंत्र्यानंतर मापे बदलली ती कायद्याने. वजन-मापांचा कायदा १९५६ चा. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १६ आण्यांऐवजी १०० नवे पैसे झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत किलो-क्विंटल बाजारात आले. शेर, मण, पायली हळूहळू मागे पडले. रुईच्या व्यापारात खंडी मात्र राहिली, फक्त तिचे किलो झाले: ७८४ पौंड म्हणजे ३५५.६२ किलो. बाजारभावाच्या बातम्यांत तोच आकडा ३५६ असा पूर्णांकात छापतात. बातमीला ते ठीक आहे, करारात नाही. हजार खंड्यांच्या सौद्यात तेवढ्याने ३८० किलोंवर फरक पडतो, म्हणजे दोन गाठींहून जास्त.

गाठ मात्र बदलत गेली. ३९२ पौंडांची गाठ म्हणजे १७७.८ किलो. दशमान आल्यावर आकडेवारीत १८० किलोची गाठ दिसते आणि पुढे १७० किलोची. आज भारतातले उत्पादनाचे सगळे आकडे १७० किलोच्या गाठींत असतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आकडेवारीतली गाठ ४८० पौंडांची, म्हणजे २१७.७ किलोची.

इथे एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, मराठी अहवालात लिहिले आहे की देशाचे उत्पादन ३२० लाख गाठी. भाषांतरकार लाखाचे मिलियन करतो, ३२ मिलियन बेल लिहितो आणि पुढे जातो. अंकांचे रूपांतर बिनचूक आहे, तरीही वाक्य चुकले. परदेशी वाचक बेल म्हटल्यावर ४८० पौंड धरतो. ३२० लाख गुणिले १७० किलो म्हणजे ५४.४ लाख टन, त्याला २१७.७ ने भागले की सुमारे २५ मिलियन बेल. सात मिलियन बेलांचा माल केवळ भाषांतरातून निर्माण झाला. ही चूक ओळखायची खूण म्हणजे टन. दोन्ही भाषांतले आकडे टनात आणून पाहिले की लगेच उघडी पडते. त्यातही हंगाम तपासावा लागतो. आपला कापूस हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर, अमेरिकेच्या आकडेवारीचा ऑगस्ट ते जुलै. ‘२०२४-२५’ दोन्हीकडे सारखेच छापले जाते, महिने मात्र सारखे नसतात.

आता भाव. जिनवाल्याने ५५,००० रुपये खंडी असा भाव दिला आणि डॉलर ८४ रुपये आहे, असे धरू. ५५,००० भागिले ७८४ म्हणजे पौंडाला ७०.१५ रुपये. त्याला ८४ ने भागले की ०.८३५ डॉलर, म्हणजे ८३.५ सेंट. कोशात पाहून कोणी ५६० पौंडांची खंडी धरली तर उत्तर येते ११७ सेंट. इतक्या मोठ्या फरकावर खरेदीदार निदान प्रश्न तरी विचारतो. खरा घात होतो तो कापूस आणि रुई यांच्या घोळात. शेतकऱ्याचा क्विंटलचा भाव सरकीसकट कापसाचा असतो. उतारा ३४ टक्के धरला, तर एका क्विंटलातून रुई निघते ३४ किलो. बाकी सरकी आणि थोडी घट. इंग्रजीत दोघांनाही ‘कॉटन’ म्हणून मोकळे झाले की क्विंटलचा भाव थेट पौंडावर नेला जातो आणि रुई खऱ्या भावापेक्षा कितीतरी स्वस्त दिसते. शेतकऱ्याच्या हमीभावावर परदेशात लिहिल्या जाणाऱ्या मजकुरात हे होऊ नये असे मला फार वाटते, कारण त्यातून आपल्या शेतकऱ्याविषयी चुकीचा समज पसरतो.

काही आकडे मात्र बदलायचे नसतात. रुईच्या तपासणी अहवालात धाग्याचा बारीकपणा सांगणारे मायक्रोनेअर ३.८ असे असते. ते जगभर तसेच लिहितात. धाग्याची लांबी आपल्याकडे मिलिमीटरमध्ये, २९ अशी. अमेरिकी कागदावर ३७ दिसले तर ते मिलिमीटर नव्हेत, ते इंचाचे बत्तिसावे भाग आहेत. ३७ बत्तिसांश इंच म्हणजे २९.४ मिलिमीटर. दोन्ही कागदांवर माल जवळजवळ एकच आहे.

आकडे लिहिण्याची रीत हा वेगळा सापळा, आणि आपल्या निर्यातीच्या कागदांत तो अगदी ठरावीक ठिकाणी असतो. ६०० गाठींचे वजन १७० किलोप्रमाणे १,०२,००० किलो. आपल्याकडे टनाचे वजन किलोपर्यंत दाखवायची सवय आहे, म्हणून कागदावर येते ‘१०२.००० टन’. हा कागद व्हिएतनाम किंवा तुर्कस्तानात गेला की तिथे टिंब हजारांसाठी आणि स्वल्पविराम दशांशासाठी असतो. वाचणाऱ्याला दिसतात एक लाख दोन हजार टन. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ मध्ये दशांशासाठी टिंब आणि स्वल्पविराम दोन्ही मान्य केले. हजारांचे गट करायला मात्र दोन्ही वापरू नयेत, मोकळी जागा सोडावी असे सांगितले. म्हणून अशा यादीत वजन टनाऐवजी किलोत, दशांशाशिवाय आणि जागा सोडून लिहिले की दोन्ही देशांत एकच अर्थ निघतो: १०२ ००० किलो. लाखाचा स्वल्पविरामही मग आडवा येत नाही.

तारखांचा गोंधळ आजच्या कागदावर सोपा आहे. पतपत्रात माल चढवायची शेवटची तारीख ०३/०४ असेल, तर ती ३ एप्रिल की ४ मार्च हे अक्षरी महिना लिहून मिटवता येते. जुन्या वह्यांत ते इतके सरळ नाही. खान्देशातल्या गुजराती आणि मारवाडी पेढ्यांचे जमाखर्च विक्रम संवतात असत. गुजराती पद्धतीत संवत बदलते ते दिवाळीनंतर कार्तिकात; मारवाडी पद्धतीत साधारणपणे चैत्रात. कार्तिक ते फाल्गुन दोघांचे संवत सारखे असते, चैत्र ते आश्विन मात्र एकाने वेगळे. म्हणजे संवत १९८० च्या वैशाखातला सौदा गुजराती वहीत असेल तर इसवी सन १९२४ चा, मारवाडी वहीत असेल तर १९२३ चा. वही कोणाची हे पानावरून कळत नसेल, तर त्याच वहीत दिवाळीच्या पूजनाचे पान शोधावे. तिथे संवताचा आकडा बदललेला दिसला तर ती कार्तिकी पद्धत, आणि मगच भाषांतरात इसवी सन लिहावे.