किल्लारी हनुवटीखाली

गेल्या पावसाळ्यात नववीच्या मुलांसाठी मी भूकंपावरचा एक पाठ घरीच रेकॉर्ड केला. मुलं लातूरकडची, त्यामुळे सुरुवात अर्थातच ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेपासून. स्लाइडच्या डाव्या अर्ध्यात चार ओळी, उजव्या अर्ध्यात मराठवाड्याचा नकाशा आणि उजवीकडे खाली, कोपऱ्यातल्या चौकटीत, मी बोलतोय. दुसऱ्या दिवशी औसा तालुक्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, धाराशिव दिसतंय, नांदेड दिसतंय, पण किल्लारी कुठाय?"

व्हिडिओ उघडून पाहिला. किल्लारी माझ्या हनुवटीखाली होतं आणि लातूर शहर कपाळामागे. स्लाइड बनवताना दोन्ही ठिपके मी स्वतः लाल रंगाने काढले होते. पण तेव्हा कॅमेऱ्याची चौकट तिथे नव्हतीच. ती नंतर, रेकॉर्डिंगच्या वेळी येऊन बसली.

हिशेब करून पाहिला तर यात नशिबाचा काही भाग नव्हता. व्हिडिओची चौकट १९२० पिक्सेल रुंद आणि १०८० उंच. माझी खिडकी तिच्या पाव रुंदीची आणि पाव उंचीची, म्हणजे ४८० बाय २७०, आणि कडेपासून २४ पिक्सेल आत. म्हणजे डावीकडून १४१६ आणि वरून ७८६ पिक्सेलच्या पलीकडे जे काही येईल ते झाकलं जाणार. किल्लारी मराठवाड्याच्या रुंदीत जवळपास मध्यावर, पण उंचीत अगदी दक्षिणेला. उजव्या अर्ध्यात बसवलेल्या माझ्या नकाशावर ते साधारण १४७० आणि ९३० वर पडत होतं. धाराशिव थोडं पश्चिमेला, १३२०च्या आसपास, म्हणून वाचलं. हाच नकाशा उचलून डाव्या अर्ध्यात ठेवला आणि ओळी उजवीकडे वर नेल्या की किल्लारी ५१० वर येतं, खिडकीपासून चांगलं लांब. स्लाइड तीच, मजकूर तोच, फक्त कूस बदलली.

नकाशा निदान डोळ्यांत भरतो, कुणीतरी विचारतं. वाक्याचं तसं होत नाही. त्याच पाठातल्या पुढच्या स्लाइडवर सगळ्यात खाली, पूर्ण रुंदीची एक ओळ होती: "भूकंप नेमका कधी होईल हे आजच्या तंत्राने आधी सांगता येत नाही". त्यातलं "नाही" माझ्या खांद्यामागे गेलं. दोन-तीन वह्यांत मला "आधी सांगता येते" असं लिहिलेलं सापडलं. मुलांनी अर्धवट वाक्य आपल्या परीने पुरं केलं होतं. आपल्या भाषेत क्रियापद आणि नकार दोन्ही वाक्याच्या शेपटाला असतात. उजवा कोपरा झाकला की वाक्याचा अर्थच उलटू शकतो, हे मला वीस वर्षं फळ्यावर लिहूनही सुचलं नव्हतं.

मग खिडकी डावीकडे न्यावी का? तिथे ओळींची सुरुवात असते. एक ओळ संपली की डोळा डाव्या कडेला परत येऊन पुढची ओळ धरतो, आणि ती कड खालपर्यंत सरळ असली की त्याला शोधाशोध करावी लागत नाही. उजवी कड तशीही वेडीवाकडी असते, एखादी ओळ लांब, एखादी आखूड. म्हणून खिडकी उजवीकडेच बरी, फक्त तिच्या शेजारच्या ओळी मुद्दाम लवकर तोडायच्या.

खिडकी मुळात हवीच कशाला, असंही एका सहकाऱ्याने विचारलं. प्रश्न रास्त आहे. डोळ्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतं ते फार छोटं क्षेत्र, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढं. चेहऱ्याकडे पाहत असताना शेजारची ओळ वाचता येत नाही. २०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी पाठाचे व्हिडिओ पाहणाऱ्यांच्या नजरेचा माग काढला, तेव्हा त्यांचा सुमारे ४१ टक्के वेळ शिक्षकाच्या चेहऱ्यावर जात होता, आणि नजर दर ३.७ सेकंदांनी चेहरा आणि स्लाइड यांच्यात ये-जा करत होती. चेहरा दिसल्याने पाठ जास्त लक्षात राहिला असं आढळलं नाही. पण पाहणाऱ्यांना चेहरा असलेला व्हिडिओ स्पष्टपणे जास्त आवडला. आवडला तर मुलं शेवटपर्यंत बसतील, या आशेवर मी खिडकी ठेवली. मात्र तिला लागून एकही अक्षर ठेवायचं नाही, हेही ठरवलं.

आता कोपरा राखायचा कसा? पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड ३३.८७ बाय १९.०५ सेंटिमीटर असते. माझी खिडकी आणि तिच्या कडेची मोकळी पट्टी मिळून ९ बाय ५.२ सेंटिमीटर होतात. `View > Slide Master` उघडून सगळ्यात वरच्या मूळ स्लाइडवर, उजवीकडे खाली, नेमक्या त्या मापाचा भडक गुलाबी चौकोन काढला. मूळ स्लाइडवरची आकृती नेहमी मजकुराच्या मागे राहते, आणि इथे तेच उपयोगी पडतं. मग `Slide Sorter` मध्ये सगळ्या स्लाइड एकदम पाहायच्या. जिथे गुलाबी चौकोन अख्खा दिसतो ती स्लाइड ठीक, जिथे त्यावर काही चढलंय तिथे घुसखोरी. माझ्या २२ स्लाइडांपैकी ६ पकडल्या गेल्या, त्यातल्या दोन चिकटवलेल्या चित्रांच्या होत्या. मजकुराचे ठरलेले चौकोन मूळ स्लाइडवर आखूड केले की तिथलं लिखाण आपोआप मर्यादेत राहतं, पण बाहेरून आणून चिकटवलेलं चित्र ती मर्यादा जुमानत नाही. रेकॉर्डिंगआधी गुलाबी चौकोन पुसायचा, नाहीतर खिडकी जरा लहान झाली की कडेने गुलाबी झालर दिसते. (मला दिसली. मुलांनी तिला नाव ठेवलं, ते इथे लिहीत नाही.)

कोपरा मात्र रेकॉर्डिंगच्या साधनावर ठरतो. मी ओबीएस वापरतो, त्यात खिडकी हवी तिथे बसते. झूमच्या क्लाउड रेकॉर्डिंगमध्ये बोलणाऱ्याची खिडकी उजवीकडे वर येते, मग सांभाळावं लागतं ते शीर्षक. आपल्याला पडद्यावर दिसतं तेच रेकॉर्ड होतंय असं धरून चालू नये. अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करून ते फोनवर पाहावं. साडेसहा इंची फोन उभा धरला तर व्हिडिओ जेमतेम ७ सेंटिमीटर रुंद दिसतो आणि खिडकी पावणेदोन. चेहरा नखाएवढा होतो, म्हणून खिडकीत छातीपासून वर एवढंच घ्यावं, मागचं कपाट नको.

हाताचंही एक सांगतो. झूमसारख्या ठिकाणी आपल्याला आपलं चित्र आरशासारखं उलटं दिसतं, रेकॉर्डिंगमध्ये ते सुलटं येतं. खिडकी उजव्या कोपऱ्यात असेल तर नकाशा पडद्याच्या डावीकडे, आणि तिकडे दाखवायला आपला उजवा हात लागतो. आरशात बघून डावा हात केला तर मुलांना गुरुजी नकाशाकडे पाठ करून भिंतीकडे बोट दाखवताना दिसतात.

पाच स्लाइड सुधारल्या, सहावी अडून बसली. तिच्यावर जगाचा पूर्ण रुंदीचा नकाशा होता, भूपट्टांच्या सीमांसह, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात न्यूझीलंड. नकाशा लहान केला तर फोनवर सीमा दिसेनात. खिडकी डावीकडे प्रशांत महासागरात नेली तर एका स्लाइडपुरती ती उडी मारायची, आणि मुलं नकाशाऐवजी माझी उडी बघत बसायची. शेवटी त्या स्लाइडपुरता ओबीएसमध्ये कॅमेरा लपवला. चाळीस सेकंद फक्त आवाज. त्या मुलीने ते बरोबर हेरलं: "सर, न्यूझीलंडला जागा दिलीत, किल्लारीला नव्हती दिली."