खान्देशातल्या मशिदीत बिगर-मुस्लिमाने जाणं : शुक्रवारची वेळ आणि रीत

जळगाव, धुळे, नंदुरबार भागात मशीद आतून बघायची असेल तर आधी तिथला घड्याळांचा बोर्ड बघा. त्यावर पाच नमाजांची आणि जुम्म्याची अशी छोटी घड्याळं असतात, ती चालत नाहीत, काटे हाताने लावलेले असतात आणि जमात, म्हणजे सगळ्यांची एकत्र नमाज, किती वाजता उभी राहते ते दाखवतात.

जुम्म्याची नमाज शुक्रवारी दुपारच्या जोहरच्या जागी होते आणि ती सूर्य माथ्यावरून कलल्यावरच. जळगावात सूर्य माथ्यावर येतो तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला साधारण 12:11 ला आणि फेब्रुवारीत 12:42 च्या आसपास, म्हणून बऱ्याच मशिदी वर्षभर चालेल अशी एकच वेळ ठेवतात. समजा बोर्डवर दीड आहे, तर अजान त्याच्या बरीच आधी होते, बहुतेक ठिकाणी उर्दूत बयान म्हणजे प्रवचन होतं, मग इमामसाहेब अरबीत दोन खुतबे, म्हणजे नमाजीआधीची नेमाची भाषणं, देतात आणि त्यानंतर दोन रकात नमाज, म्हणजे उभं राहणं, वाकणं, कपाळ टेकणं याची दोन आवर्तनं. जमात संपली की लोक आपापली सुन्नत, म्हणजे एकेकट्याने पढायची जादा नमाज, पढतात, त्यामुळे सव्वादोनपर्यंत आत गर्दी असतेच. नुसती इमारत बघायची तर अकराला या नाहीतर अडीचनंतर. नमाज बघायची असेल तर ट्रस्टी किंवा इमामसाहेबांना आदल्या दिवशीच विचारा, आणि मागच्या बाजूला जिथे बसवतील तिथे बसून राहा. खुतबा चालू असताना नमाजीसुद्धा बोलत नाहीत, तेव्हा शेजारच्याला काही विचारू नका, तो उत्तर देऊ शकत नाही.

वजू म्हणजे नमाजीआधी हातपाय धुणं. त्यासाठीच्या वजूखान्यात नळांसमोर बसायचे ओटे असतात, जुन्या मशिदीत मधोमध हौद. तिथे हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात धुवून, डोक्यावरून ओला हात फिरवून शेवटी घोट्यापर्यंत पाय धुतात. पाहुण्याला वजू करावी लागत नाही. पाय धुळीने भरले असतील तर नळावर धुवा, हौदात पाय किंवा चूळ कधीच टाकू नका, आणि जमातीआधीची पंधरा मिनिटं ओटे नमाजींसाठी मोकळे सोडा.

चपला उंबऱ्याबाहेर. फुल पँट, सैल कपडे, बायकांनी डोक्यावर ओढणी किंवा पदर. टोपी घातली तर बरं, सक्ती बहुतेक ठिकाणी नसते. आपल्याकडच्या खूप मशिदींत बायकांसाठी वेगळी जागा नाही, म्हणून सोबत बाई असेल तर हे आधीच विचारून घ्या, दारात गेल्यावर अवघडल्यासारखं होतं. नमस्कार केला तरी चालतो. नारळ, फुलं मात्र आणू नका, फुलं आणि चादर चढवायची रीत दर्ग्याची.

सगळ्यात जास्त चूक होते ती चालताना. एकटा माणूस नमाज पढत असेल तर त्याच्या पुढून जायचं नसतं, मागून वळसा घ्या, नाहीतर त्याचं होईपर्यंत थांबा. फोटो विचारून, आणि सजद्यातल्या, म्हणजे कपाळ जमिनीला टेकलेल्या, माणसांचे नकोच.

रावेर-भुसावळकडून बुऱ्हाणपूरला गेलात तर तिथली जामा मशीद याच हिशोबाने सकाळी बघा. फारुकी राजांच्या काळातल्या या मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेखही आहे, आणि तो नीट बघायला आत पढणारं कुणी नसलेलं बरं.