घोडा, दगड आणि दोर: क्रिया-प्रतिक्रियेच्या कोड्याची पार्श्वभूमी

नववीत ‘गतीचे नियम’ शिकवताना हा प्रश्न वर्गातून हमखास येतो. घोडा गाडीला जेवढ्या बलाने पुढे ओढतो, तेवढ्याच बलाने गाडी घोड्याला मागे ओढते. मग दोन्हींची बेरीज शून्य व्हायला हवी. तरी गाडी जागची हलते, वेग घेते, ते कशाच्या जोरावर?

कोड्यातली गाडी नंतर आली. मुळात तिथे दगड होता. न्यूटनचे ‘प्रिन्सिपिया’ 1687 साली लंडनमध्ये लॅटिनमध्ये छापले गेले. त्यात प्रत्येक क्रियेला तेवढीच आणि उलट दिशेची प्रतिक्रिया असते, हा तिसरा नियम सांगितल्यावर न्यूटनने लगेच दोन उदाहरणे दिली. बोटाने दगड दाबला तर दगडही बोट दाबतो, हे पहिले. घोडा दोराने बांधलेला दगड ओढत असेल तर घोडाही तितकाच दगडाकडे ओढला जातो, हे दुसरे. त्याचे कारणही तो देतो: ताणलेला दोर सैल व्हायला बघतो, म्हणून तो दोन्ही टोकांना सारखाच खेचतो, एकाच्या पुढे जाण्याला जेवढी मदत करतो, तेवढाच दुसऱ्याच्या पुढे जाण्याला अडथळा करतो.

घोटाळ्याचे मूळ या उदाहरणातच आहे. त्यात घोडा, दोर आणि दगड आहेत, पण घोड्याच्या खुरांखालची जमीन नाही. न्यूटनला तिथे दोराच्या दोन टोकांबद्दलच बोलायचे होते, त्यामुळे जमिनीची त्याला गरज नव्हती. पण ‘दगड मग हलतो कसा’ हे विचारायला गेलो की जमिनीवाचून उत्तर मिळत नाही. दुसरी अडचण शब्दांची आहे. क्रिया आणि प्रतिक्रिया म्हटले की आधी एक, मग त्याला उत्तर म्हणून दुसरी, असे वाटते. प्रत्यक्षात दोन्ही बले एकाच क्षणी असतात, आणि महत्त्वाचे म्हणजे ती दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. गाडीवरचे बल आणि घोड्यावरचे बल एकमेकांतून वजा करणे म्हणजे शेजाऱ्याच्या खात्यातला खर्च आपल्या खात्यातून वजा करणे.

हिशेब कसा मांडायचा, हे 18व्या शतकात स्पष्ट होत गेले. लिओनार्ड ऑयलरने 1750 साली बर्लिनच्या अकादमीत वाचलेल्या लेखात वस्तुमान गुणिले त्वरण बरोबर बल, हे सूत्र कोणत्याही वस्तूच्या कोणत्याही तुकड्याला लावायचे तत्त्व मांडले. आज आपण एकच वस्तू वेगळी काढतो, फक्त तिच्यावर बाहेरून लागणारी बले लिहितो आणि मग त्वरण काढतो. ही सवय त्याच वाटेने आली.

ती सवय आकड्यांवर लावून पाहू. घोडा 400 किलो, मालासकट गाडी 600 किलो, रस्ता सपाट. चाके आणि आस मिळून गाडीला 150 न्यूटन विरोध होतो. घोडा खुरांनी जमीन 350 न्यूटनने मागे रेटतो, म्हणून जमीन घोड्याला 350 न्यूटनने पुढे रेटते. घोडा आणि गाडी मिळून 1000 किलो. त्यांच्यावर बाहेरचे बल 350 वजा 150, म्हणजे 200 न्यूटन. त्वरण 0.2 मीटर प्रति सेकंद वर्ग.

आता एकट्या गाडीकडे बघा. 600 किलोला 0.2 त्वरण द्यायला 120 न्यूटन हवेत, विरोधाचे 150 वेगळे, म्हणून दोराचा ताण 270 न्यूटन. मग एकटा घोडा: जमीन पुढे 350, दोर मागे 270, उरले 80. आणि 400 गुणिले 0.2 म्हणजे 80च. गाडी घोड्याला पूर्ण 270 न्यूटनने मागे ओढते आहे, त्यात कुठेही सूट नाही, तरी दोघे पुढे वेग घेत आहेत.

रस्त्यावर तेल सांडून तो निसरडा झाला आणि खुरांना जास्तीत जास्त 120 न्यूटनच आधार मिळू लागला, तर? घोडा 120ने ओढेल, गाडी 120ने उलट ओढेल, आणि थांबलेल्या गाडीला जमीन 120नेच अडवून धरेल. गाडी हलणार नाही. त्याहून जोर केला तर खूर घसरतील. दोन्ही प्रसंगांत तिसरा नियम तंतोतंत खरा आहे. म्हणजे गाडी हलेल की नाही, हे त्या नियमावरून कळतच नाही. ते ठरते खुराखालच्या आधारावर आणि चाकाच्या विरोधावर.

इथे एक चूक शिकवणाऱ्यांकडूनही होते: घोडा आणि गाडी हीच क्रिया-प्रतिक्रियेची जोडी, असे सांगितले जाते. घोड्याने दोराला ओढणे आणि दोराने घोड्याला ओढणे ही खरी जोडी. दोर आणि गाडी ही दुसरी जोडी. घोडा आणि गाडी यांची सरळ जोडी नाही, कारण मध्ये दोर आहे. दोराच्या दोन टोकांचा ताण सारखा असतो तो तिसऱ्या नियमामुळे नव्हे, दोर हलका असतो म्हणून. वरच्या उदाहरणात दोर 2 किलोचा धरला तर घोड्याकडच्या टोकाला ताण 0.4 न्यूटन जास्त भरेल. एवढा फरक सोडून देता येतो, पण जाड साखळी असेल तर तो मोजावा लागतो.

खुराखालच्या आधाराचा प्रश्न पुढे रेल्वेवाल्यांनाही छळत राहिला. वाफेच्या इंजिनाचे गुळगुळीत लोखंडी चाक गुळगुळीत रुळावर जागीच फिरेल, अशी इंग्लंडमध्ये अनेकांना भीती होती. म्हणून जॉन ब्लेंकिन्सॉपने 1812 मध्ये लीड्सजवळ दातेरी रूळ आणि दातेरी चाक वापरले. विल्यम ब्रंटनने तर 1813 मध्ये मागे दोन पाय असलेले इंजिन बनवले. ते पाय घोड्यासारखे जमीन मागे रेटत. त्याच सुमारास वायलमच्या खाणीवर विल्यम हेडलीने साधी तपासणी केली: गुळगुळीत चाकांची एक गाडी घेतली, तिच्यावर माणसे चढवून हातांनी चाके फिरवायला लावली, आणि मागे जोडलेल्या वाघिणी ओढल्या जातात का ते पाहिले. त्या ओढल्या गेल्या. पुरेसे वजन चाकावर असेल तर दात्यांची गरज नव्हती.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, तेव्हा 14 डब्यांना तीन इंजिने होती. डब्यांनी इंजिनांना तेवढ्याच बलाने मागे ओढले, आणि रुळांनी इंजिनांना त्याहून जास्त पुढे रेटले, तेव्हाच गाडीने वेग घेतला. चाक घसरू लागले तर आजही इंजिनातून रुळावर वाळू सोडतात. ओढणारे बल वाढवायचे म्हणून नव्हे, रुळाकडून मिळणारा आधार वाढवायचा म्हणून.

ठाणे जिल्ह्यातल्या कसाऱ्यापुढे थळ घाटात 37 मीटरला 1 मीटर चढ आहे. तिथे गाडीच्या दर 1000 किलोमागे गुरुत्वाकर्षणच सुमारे 270 न्यूटनने मागे खेचते, म्हणजे वरच्या उदाहरणात दोराला होता तेवढा ताण नुसते टिकून राहायला लागतो. त्यामुळे कसाऱ्याला अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. त्यांची चाके रुळावर आणखी आधार मिळवतात आणि पुढच्या कपलिंगांवरचा ताणही कमी करतात.

हेच घरी पाहायचे असेल तर सामान मोजायचे दोन हुकवाले काटे एकमेकांत अडकवा, एक चाकाच्या बॅगेला लावा, दुसरा हातात धरा. बॅग सुरू करताना दोन्ही काटे जास्त दाखवतील, एका वेगात चालताना कमी, पण कोणत्याही क्षणी जवळजवळ एकच आकडा. काट्यांच्या आकड्यांत ठळक फरक दिसला तर आधी दोन्हींवर एकच वजन टांगून ते सारखे मोजतात का ते तपासा.